साडेतीन ते पाचच्या मध्ये

रक्तात पोटॅशियम दर लिटरला साधारण ३.५ ते ५ मिलिइक्विव्हॅलंट असावं लागतं. त्याखाली गेलं की हायपोकॅलेमिया, वर गेलं की हायपरकॅलेमिया. पाठ्यपुस्तकात हे दोन विकार समोरासमोरच्या दोन रकान्यांत मांडलेले असतात, त्यामुळे ते दोन वेगळ्या माणसांना होत असावेत असं वाटतं. वॉर्डात तसं नसतं. तिथे एकाच रुग्णाचं पोटॅशियम आज धोकादायक कमी आणि दोन-तीन आठवड्यांनी धोकादायक जास्त झालेलं दिसतं. पुष्कळदा दुसरं संकट पहिल्याच्या उपचारातूनच उभं राहिलेलं असतं.

म्हणून इथे एकच रुग्ण घेऊ. रुग्ण मी रचलेला आहे, पण मेडिसिन वॉर्डात काम केलेल्या कोणाही सिस्टरला तो ओळखीचा वाटेल. चौसष्ट वर्षांच्या आजी, हृदय दुबळं झालेलं, मूत्रपिंडाचं काम थोडं मंदावलेलं. पायांवरची सूज उतरावी म्हणून फ्रुसेमाइडच्या गोळ्या चालू, म्हणजे लघवी वाढवणारं औषध. त्यात तीन दिवस जुलाब झाले. घरच्यांनी जुलाबाचं औषध आणलं, पण लघवीची गोळी कोणी थांबवली नाही. पोटॅशियम दोन्ही वाटांनी वाहून गेलं.

शरीरातलं जवळजवळ ९८ टक्के पोटॅशियम पेशींच्या आत असतं. साठ किलोच्या माणसात एकूण सुमारे ३,००० मिलिइक्विव्हॅलंट धरलं, तर पेशींच्या बाहेर, रक्त आणि भोवतालच्या द्रवात मिळून, ते जेमतेम साठेक असतं. पेशीच्या भिंतीवरचा एक पंप सतत तीन सोडियम बाहेर ढकलतो आणि दोन पोटॅशियम आत घेतो. हा पंप डेन्मार्कच्या येन्स स्कू यांनी १९५७ मध्ये शोधला आणि चाळीस वर्षांनी, १९९७ मध्ये, त्यांना त्यासाठी नोबेल मिळालं. आत भरपूर आणि बाहेर थोडं, या तफावतीवर स्नायूंचं आणि हृदयाचं विद्युत काम चालतं. त्यामुळे शरीरातल्या एकूण साठ्याच्या मानाने बाहेरचा फरक किरकोळ असला, तरी हृदयाला तो भारी पडतो. जास्तीचं पोटॅशियम बाहेर टाकायचं काम मुख्यतः मूत्रपिंडाचं. तेच मंदावलं असेल तर शरीराकडे फारशी दुसरी वाट उरत नाही.

आजींना दवाखान्यात आणलं तेव्हा तक्रार होती ती पायांत जोर नसल्याची. कमोडवरून उठता येईना, पोटऱ्यांत गोळे येत होते. जुलाब थांबले होते, पण पोट फुगलं होतं आणि वारा सरत नव्हता. पोटॅशियम कमी झालं की स्नायू दुबळे होतात, आणि आतड्याची भिंतही स्नायूचीच असल्यामुळे तीही सुस्तावते. फार खाली गेलं तर श्वासाचे स्नायूही थकतात. म्हणून अशा रुग्णाच्या बाबतीत सिस्टर नाडी पाहतानाच विचारते, “आजी, पाय गादीवरून उचलून दाखवता का?” आणि श्वास उथळ होतोय का, हेही बघते. आजींची नाडी मध्येच ठोका चुकवत होती. रिपोर्ट आला २.६.

आता ईसीजी. निरोगी माणसाच्या ईसीजीत प्रत्येक ठोक्याला आधी एक छोटा उंचवटा येतो, ती पी लहर. मग उभी टोकदार रेघ, ती क्यूआरएस. आणि शेवटी सावकाश चढून उतरणारी टी लहर. कागद सेकंदाला २५ मिलिमीटर वेगाने सरकतो, त्यामुळे एक लहान चौकोन म्हणजे ०.०४ सेकंद. क्यूआरएस साधारण तीन लहान चौकोनांच्या आत बसायला हवी. एवढं लक्षात ठेवलं तरी पुढचं समजतं.

पोटॅशियम कमी असताना पेशींना पुढच्या ठोक्यासाठी पूर्ववत व्हायला वेळ लागतो. कागदावर टी लहर सपाट होत जाते, तिच्या आधीचा एसटी भाग खाली बसतो आणि टीच्या मागे आणखी एक उंचवटा डोकं काढतो, ती यू लहर. आजींच्या कागदावर छातीच्या मधल्या लीड्समध्ये यू लहर टीपेक्षा ठळक होती आणि मधूनमधून रुंद, अवेळी ठोके होते. असे अवेळी ठोके सलग येऊ लागले तर रुग्ण क्षणात बेशुद्ध पडू शकतो. डिगॉक्सिन चालू असलेल्या रुग्णात हा धोका आणखी वाढतो, कारण पोटॅशियम कमी असलं की नेहमीच्या मात्रेतलं डिगॉक्सिनही विषासारखं वागू लागतं. अशा वेळी सिस्टर पूर्ण एक मिनिट नाडी मोजते आणि काही वेगळं वाटलं तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय गोळी देत नाही.

उपचार म्हणजे पोटॅशियम भरून काढणं. ऐकायला सोपं वाटतं, पण सगळ्या वॉर्डात सर्वांत सावधपणे करायचं काम कोणतं असं मला कुणी विचारलं, तर मी हेच सांगेन. आपल्याकडे मिळणारं केसीएलचं इंजेक्शन म्हणजे १५ टक्क्यांचं, दहा मिलिलिटरचं एम्पूल. त्यात २० मिलिइक्विव्हॅलंट पोटॅशियम असतं. दिसायला ते पाण्यासारखं, आणि शेजारच्या दुसऱ्या औषधाच्या एम्पूलसारखंही. ते पातळ न करता थेट शिरेत गेलं तर हृदय थांबतं. जागतिक आरोग्य संघटनेने २००७ मध्ये रुग्णसुरक्षेसाठी जे नऊ उपाय सुचवले, त्यांत अशा तीव्र द्रावणांवर नियंत्रण ठेवणं हा एक होता. केसीएल औषधांच्या ट्रेमध्ये इतर एम्पूल्सबरोबर न ठेवता वेगळं, लाल खुणेच्या डब्यात कुलपात ठेवतात आणि काढताना दोघीजणी लेबल वाचतात, ते यासाठीच.

आजींसाठी डॉक्टरांनी लिहिलं: पाचशे मिलिलिटर सलाइनमध्ये एक एम्पूल, चार तासांत. हाताच्या साध्या शिरेतून द्यायच्या बाटलीत लिटरमागे ४० पेक्षा जास्त पोटॅशियम घालत नाहीत आणि तासाला १० च्या वर वेग ठेवत नाहीत. त्याहून जलद द्यायचं तर मॉनिटर आणि बहुधा मोठी शीर लागते. आजींचा वेग तासाला पाचच ठेवला, कारण दुबळ्या हृदयावर पाण्याचाही भार नको. तासाला १२५ मिलिलिटर म्हणजे वीस थेंबांच्या सेटमधून मिनिटाला ४२ थेंब. पंप असेल तर पंपावर लावायचं, नसेल तर घड्याळ लावून थेंब मोजायचे आणि दर थोड्या वेळाने पुन्हा मोजायचे, कारण हात हलला, कूस बदलली की वेग बदलतो.

बाटली तयार करण्याची पद्धतही महत्त्वाची. केसीएल सलाइनपेक्षा जड असतं. आधीच लटकवलेल्या बाटलीत ते टोचलं तर तळाशी, नळीच्या तोंडाशीच जमा होतं आणि पहिल्याच थेंबांबरोबर तीव्र स्वरूपात शिरेत उतरतं. म्हणून बाटली खाली उतरवायची, एम्पूल घालायचं, सात-आठ वेळा उलटसुलट करायची, वर ठळक लेबल लावायचं आणि मगच टांगायची. डेक्स्ट्रोज टाळायचं, कारण साखरेमुळे इन्सुलिन स्रवतं आणि ते असलेलं पोटॅशियमही पेशींच्या आत ढकलतं. आणि बाटली लावण्याआधी लघवी किती होते ते पाहायचं. तासाला किलोमागे अर्ध्या मिलिलिटरच्या खाली लघवी असेल तर बाटली लावायची नाही, डॉक्टरांना सांगायचं. जे बाहेर जाणार नाही ते आत साठेल.

आजींना थोड्या वेळाने शिरेत आग होऊ लागली. यात नवल नाही, पोटॅशियम शिरेला झोंबतं. पण ‘आग होतेच’ म्हणून सोडून द्यायचं नाही. जागा लाल झाली आहे का, सूज आहे का, द्रव शिरेबाहेर पाझरतो आहे का हे पाहायचं, वेग कमी करायचा, लागलं तर शीर बदलायची. जोडीला तोंडाने पोटॅशियमचं सिरप सुरू झालं. पंधरा मिलिलिटरमध्ये २० मिलिइक्विव्हॅलंट, अर्ध्या ग्लास पाण्यात मिसळून, जेवणानंतर. नुसतं प्यायलं तर पोटात जळजळतं. मॅग्नेशियमही तपासलं आणि कमी निघालं म्हणून तेही दिलं. मॅग्नेशियम कमी असताना मूत्रपिंड पोटॅशियम धरून ठेवत नाही; बाटल्यांमागून बाटल्या जातात आणि आकडा हलत नाही. तिसऱ्या दिवशी आजींचं पोटॅशियम ३.९ झालं, टी लहर पुन्हा उभी राहिली आणि त्या स्वतःहून उठून बसल्या.

डिस्चार्जच्या कागदावर हृदयासाठी दोन औषधं नव्याने आली: रॅमिप्रिल आणि स्पायरोनोलॅक्टोन. दोन्ही दुबळ्या हृदयाला उपकारक, दोन्ही शरीरात पोटॅशियम राखून ठेवणारी. पोटॅशियमचं सिरप मात्र कागदावर तसंच राहिलं. ‘पाच दिवस’ असं कुणी लिहिलं नाही.

या चुकीला मोठा इतिहास आहे. १९९९ मध्ये ‘रेल्स’ नावाच्या अभ्यासात दिसलं की गंभीर हृदयदौर्बल्यात स्पायरोनोलॅक्टोन दिल्याने मृत्यूंचं प्रमाण तीस टक्क्यांनी घटतं. औषध झपाट्याने वापरात आलं. कॅनडातल्या ओंटारिओ प्रांतात पुढे हिशेब मांडला गेला तेव्हा कळलं की हृदयदौर्बल्याच्या ज्या वृद्ध रुग्णांना रॅमिप्रिलच्या गटातली औषधं चालू होती, त्यांच्यात पोटॅशियम वाढल्यामुळे रुग्णालयात भरती होण्याचं प्रमाण १९९४ मध्ये हजारी २.४ होतं, ते २००१ मध्ये हजारी ११ झालं. औषध चांगलंच होतं. पण अभ्यासातल्या रुग्णांची रक्ततपासणी ठरल्या वेळी होत होती, बाहेरच्या रुग्णांची तशी होत नव्हती.

आजी घरी गेल्या. अशक्तपणा आहे म्हणून मुलगा रोज एक शहाळं आणू लागला. एका चांगल्या भरलेल्या शहाळ्याच्या पाण्यात पंधराच्या आसपास किंवा जास्तही मिलिइक्विव्हॅलंट पोटॅशियम असतं, म्हणजे जवळजवळ सिरपचा एक डोस. सुनेने दुकानातून कमी सोडियमचं मीठ आणलं. त्यात सोडियमच्या जागी बरंचसं पोटॅशियम क्लोराइड असतं. दोघांनीही काळजीपोटीच केलं होतं. अठराव्या दिवशी आजी पुन्हा आल्या: पाय जड, ओठांभोवती मुंग्या, लघवी फार थोडी, नाडी मिनिटाला ४४.

घोळ होतो तो इथे. पायांत जोर नसणं हे कमी पोटॅशियमचं लक्षण तसंच जास्तीचंही. घरचे म्हणाले, “सिस्टर, मागच्यासारखंच झालंय, ती बाटली लावा ना.” लक्षणांवर विसंबून ती बाटली लागली असती तर आजी गेल्या असत्या. पुष्कळदा वाढलेलं पोटॅशियम लक्षणंही देत नाही आणि पहिली खूण ईसीजीतच दिसते. म्हणून रिपोर्टची वाट न बघता पहिल्या पाच मिनिटांत बारा लीड्सचा ईसीजी काढायचा आणि रुग्ण मॉनिटरला जोडायचा.

वाढत्या पोटॅशियममध्ये कागदावरची चित्रं बहुधा एका ओळीने बदलतात. आधी टी लहर उंच, अरुंद आणि टोकदार होते, तंबूसारखी. मग पी लहर पसरट होत नाहीशी होते, कारण वरच्या कप्प्यांतला विद्युत संदेश मंदावतो. मग क्यूआरएस रुंदावते. शेवटी क्यूआरएस आणि टी एकमेकांत मिसळून नुसती वर-खाली जाणारी लाट उरते. तिच्यानंतर हृदय बंद पडायला वेळ लागत नाही. आजींच्या कागदावर पी नव्हती, टी टोकदार होत्या आणि क्यूआरएस चार लहान चौकोनांची. पण एक मर्यादा ध्यानात ठेवायला हवी: ही पायरी अमुक आकड्याला येते असं नाही. पोटॅशियम साडेसात असूनही ईसीजी जवळपास साधा असू शकतो. ईसीजी बिघडला असेल तर तो मानायचा, पण साधा आहे म्हणून निश्चिंत व्हायचं नाही.

रिपोर्ट ७.१ आला. आता नमुना खरा आहे का, हाही प्रश्न असतो. दंडाला पट्टा फार वेळ बांधून, मूठ सारखी उघडझाप करायला लावून, बारीक सुईतून जोराने रक्त ओढलं की स्नायूंतलं आणि फुटलेल्या रक्तपेशींतलं पोटॅशियम नमुन्यात येतं. जांभळ्या टोपणाच्या ट्यूबमध्ये पोटॅशियमयुक्त ईडीटीए असतं. त्या ट्यूबमधलं रक्त चुकून दुसरीत ओतलं तर पोटॅशियम भलतंच वाढलेलं आणि कॅल्शियम कमालीचं कमी दिसतं. म्हणून जांभळी ट्यूब शेवटी भरायची, आणि ज्या हाताला सलाइन चालू आहे त्या हातातून रक्त घ्यायचं नाही. हे सगळं खरं असलं तरी ईसीजी बिघडलेला असताना दुसऱ्या नमुन्याची वाट पाहत बसायचं नसतं. नमुना पाठवायचा आणि उपचार सुरू करायचे.

पहिलं काम, जे सिस्टर डॉक्टर येण्याआधीच करू शकते, ते म्हणजे पोटॅशियम येण्याची प्रत्येक वाट बंद करणं: सिरप, गोळ्या, शहाळं, ते मीठ. रॅमिप्रिल आणि स्पायरोनोलॅक्टोनचा पुढचा डोस रोखून डॉक्टरांना सांगणं. फोनवरही नुसतं ‘पोटॅशियम वाढलंय’ न म्हणता “७.१ आहे, नाडी ४४, पी दिसत नाही, क्यूआरएस रुंद आहे” असं सांगणं. डॉक्टर किती वेगाने येतात ते या वाक्यावर ठरतं.

दुसरं, कॅल्शियम ग्लुकोनेट. १० टक्क्यांचं दहा मिलिलिटर, मॉनिटरवर नजर ठेवून पाच ते दहा मिनिटांत सावकाश. कॅल्शियमने रक्तातलं पोटॅशियम जराही कमी होत नाही. ते फक्त हृदयाच्या पेशींना त्याच्या परिणामापासून काही काळ वाचवतं. लंडनच्या सिडनी रिंगर यांनी १८८० च्या दशकात बेडकाच्या हृदयावर केलेल्या प्रयोगांत कॅल्शियम आणि पोटॅशियमची ही ओढाताण दाखवून दिली होती. वॉर्डातल्या ‘रिंगर लॅक्टेट’च्या बाटलीवर त्यांचंच नाव आहे. आजींचं क्यूआरएस तीन-चार मिनिटांत आकसलं. पाच मिनिटांत फरक दिसला नसता तर डोस पुन्हा द्यावा लागला असता. परिणाम अर्धा ते एक तासच टिकतो, म्हणून मॉनिटरवर सुधारणा दिसली तरी खुर्ची सोडायची नाही. शीर नीट चालू आहे ना हे आधी बघायचं, कारण बाहेर पाझरलं तर कातडी जळते. ज्या नळीतून सोडा बायकार्ब चाललं आहे तिच्यातून ते द्यायचं नाही. दोन्ही भेटले की पांढरा साका बनतो.

तिसरं, पोटॅशियम पेशींच्या आत ढकलणं: साधं इन्सुलिन १० युनिट आणि त्याच्याबरोबर २५ ग्रॅम ग्लुकोज, म्हणजे २५ टक्के डेक्स्ट्रोज शंभर मिलिलिटर. भारतात इन्सुलिनच्या बऱ्याचशा बाटल्या ४० युनिटच्या असतात आणि त्यांची सिरिंज लाल टोपणाची. १०० युनिटच्या इन्सुलिनची सिरिंज नारिंगी टोपणाची. शंभरचं इन्सुलिन लाल सिरिंजमध्ये दहाच्या रेघेपर्यंत भरलं तर दहाऐवजी पंचवीस युनिट जातात. घाईत ही चूक सहज होते, म्हणून बाटली आणि टोपण दोन्ही मोठ्याने वाचायचं. इन्सुलिनचा परिणाम पंधरा-वीस मिनिटांत दिसू लागतो आणि चार ते सहा तास राहतो. मूत्रपिंड मंद असलेल्या रुग्णात इन्सुलिन जास्त वेळ टिकतं, ग्लुकोज मात्र लवकर संपतं. म्हणून पुढचे सहा तास दर तासाला बोटातून साखर तपासायची. आजींना दुसऱ्या तासाला घाम फुटला, साखर ५८ निघाली आणि पुन्हा डेक्स्ट्रोज द्यावं लागलं. तासाची तपासणी टळली असती तर हा घाम हृदयाचा समजला गेला असता.

सॅल्ब्युटामॉलची वाफही पोटॅशियम आत ढकलते, पण हृदयाचे ठोके वाढवते, म्हणून आजींना डॉक्टरांनी ती कमी मात्रेत दिली. हे सगळे उपाय वेळ मिळवून देणारे. पोटॅशियम शरीराबाहेर काढायचं तर लघवी हवी, नाहीतर डायलिसिस. तोंडाने घ्यायची पावडर आतड्यात पोटॅशियम बांधते, पण तिला तास लागतात. आजींना लघवी होत नव्हती, म्हणून चार तास डायलिसिस झालं. त्यानंतर आकडा ४.८ आला आणि काही तासांनी ५.३. पेशींच्या आतलं पोटॅशियम हळूहळू बाहेर येतं, म्हणून डायलिसिसनंतरही काही तासांनी तपासणी पुन्हा करायची असते.

दुसऱ्या डिस्चार्जच्या वेळी सिस्टरने कागदावर सिरपवर आडवी रेघ मारून डॉक्टरांची सही घेतली, कमी सोडियमचं मीठ बंद करायला सांगितलं, पालेभाजी चिरून भरपूर पाण्यात उकळून ते पाणी फेकून द्यायला शिकवलं आणि रक्ततपासणीची तारीख आठवड्यानंतरची लिहून दिली.

तुमच्या घरी हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा रुग्ण असेल, तर डिस्चार्ज घेताना दोन गोष्टी विचारून कागदावर लिहून घ्या: पोटॅशियमचं औषध नेमकं कोणत्या दिवशी थांबवायचं आणि पुढची पोटॅशियमची तपासणी कोणत्या तारखेला करायची. आणि मूत्रपिंड दुबळं असलेल्या रुग्णाला भेटायला जाताना शहाळं नेण्याआधी सिस्टरला विचारा.